गडगडाटानंतर नेट गेलं : ॲडॅप्टर तपासा, मग पोर्ट

ऑक्टोबरात दुपार उतरली की येऊरच्या डोंगरावर ढग चढायला लागतात आणि संध्याकाळी वर्तकनगरात परतीचा पाऊस विजांसकट उतरतो. मे-जूनमध्ये पावसाळा सुरू होण्याआधीही तेच. एखादी वीज इतकी जवळ कडाडते की दिवे क्षणभर मिटतात, खिडकीच्या काचा थरथरतात आणि पाऊस ओसरल्यावर कळतं की नेट बंद आहे. मग घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, ‘राउटर उडाला.’ केबलवालाही बहुतेक वेळा फोनवरच तेच सांगतो. पण राउटर अख्खा उडालेला असतोच असं नाही. कधी फक्त ॲडॅप्टर गेलेला असतो, कधी एकच पोर्ट, तर कधी दोन्ही. आणि कधी तुमच्या घरातलं काहीच बिघडलेलं नसतं, गच्चीवरच्या डब्यातला स्विच गेलेला असतो. यातलं नेमकं काय झालं हे अर्ध्या तासात घरीच कळू शकतं. त्यासाठी एक हातभर लांबीची लॅन केबल, दुसरा एखादा ॲडॅप्टर आणि शक्य असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो.

आधी नुकसान होतं कसं ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या चार मजली इमारतींत, तसंच कल्याण-डोंबिवलीच्या अनेक जुन्या सोसायट्यांत, फायबर गच्चीपर्यंत किंवा जिन्याच्या टोकापर्यंत येतं. तिथे एका डब्यात आठ पोर्टचा छोटा स्विच असतो. त्या स्विचपासून घरापर्यंत मात्र तांब्याच्या तारांची लॅन केबल उतरते, बाहेरच्या भिंतीला चिकटून, पावसात भिजत, कधी या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबकळत. वीज इमारतीवर पडावी लागत नाही. शंभर-दोनशे मीटरवर पडली तरी तिच्या प्रचंड प्रवाहामुळे आसपासच्या लांब तारांत क्षणभर मोठा दाब उभा राहतो. वीस-तीस मीटरची उभी केबल यासाठी चांगली लांब तार आहे.

हा दाब तुमच्या राउटरपर्यंत येतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. ती वाट असते ॲडॅप्टर, कारण ॲडॅप्टर महावितरणच्या तारांना जोडलेला असतो. उलटंही घडतं. दाब विजेच्या तारांतून येतो, ॲडॅप्टरमधून राउटरमध्ये शिरतो आणि लॅन केबलमधून गच्चीकडे निघून जातो. दोन्हीकडे राउटर मधल्या पुलासारखा सापडतो. म्हणूनच वादळानंतर ॲडॅप्टर आणि केबलचं पोर्ट ही दोन टोकं आधी जातात, आणि पुष्कळदा एकाच झटक्यात दोन्ही जातात. पोर्टच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि इथरनेटच्या मानकानुसार तो पंधराशे व्होल्टपर्यंतचा फरक अडवू शकला पाहिजे. जवळच्या विजेचा झटका त्याहून बराच मोठा असू शकतो. तो ट्रान्सफॉर्मर ओलांडून पलीकडे गेला की पोर्ट चालवणारा चिपचा भाग जळतो, बाकीचा राउटर मात्र जिवंत राहू शकतो.

तपासणी सुरू करण्याआधी शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाऊ द्या. पाऊस थांबला म्हणजे विजा थांबल्या असं नसतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास विजा पडत आहेत का ते दाखवतं, ते मोबाइलवर असू द्या. ओल्या गॅलरीत उभं राहून केबल ओढायची नाही. आणि एक गोष्ट अगदी आवर्जून सांगतो : राउटरच्या मागचं रिसेटचं बारीक बटण दाबू नका. नेट गेलं की आधी टाचणी शोधायची सवय अनेकांना आहे. रिसेट केलं की राउटरमध्ये साठवलेलं कनेक्शनचं युजर नेम आणि पासवर्ड पुसले जातात. मग जुना बिघाड आणि हा नवा बिघाड एकमेकांत मिसळतात, आणि काय कशामुळे बंद आहे ते सांगणंच अशक्य होतं. जळलेलं पोर्ट रिसेटने सुधारत नाही.

पहिलं काम घराबाहेरचं आहे. त्याच जिन्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा. सगळ्यांचं बंद असेल तर गच्चीवरच्या डब्याला वीज नाही किंवा तो स्विच गेला. तुम्ही वाट बघा, काही उघडू नका. काहींचं चालू आणि काहींचं बंद असेल, तर मात्र पुढे वाचा.

आमच्या ओळखीच्या एका घरातला प्रसंग सांगतो. म्हाडाची इमारत, दुसरा मजला. संध्याकाळी सहाच्या सुमारास जोरात वीज झाली. त्या जिन्यावरच्या दोन घरांचं नेट गेलं, तिसऱ्याचं चालूच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे राउटरचे दिवे लागत, अर्धा मिनिट सगळं ठीक दिसे, मोबाइलवर वायफायचं नाव झळके आणि लगेच सगळे दिवे विझून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. केबलवाल्याचं मत पडलं, ‘राउटर गेला, नवा घ्या.’

हे लक्षण राउटरचं नव्हतं, ॲडॅप्टरचं होतं. राउटर सुरू होताना कमी करंट घेतो. साधारण अर्ध्या मिनिटाने वायफायचा भाग जागा होतो, तेव्हा मागणी वाढते. अर्धवट जळालेला ॲडॅप्टर तेवढा भार पेलू शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. घरातल्या मुलाने मल्टिमीटर आणला. वीस व्होल्ट डीसीच्या जागी काटा ठेवून, लाल टोक पिनच्या आतल्या भोकात आणि काळं बाहेरच्या पत्र्याला लावलं. रीडिंग १२.१ आलं. ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट १ ॲम्पिअर लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की ॲडॅप्टर उत्तम आहे.

इथेच बहुतेकांची फसगत होते. भार नसताना दाखवलेले बारा व्होल्ट फार काही सांगत नाहीत. रीडिंग शून्य आलं किंवा आकडा सतत वर-खाली उड्या मारत राहिला, तर ॲडॅप्टर गेला हे नक्की. पण रीडिंग बरोबर आलं म्हणून तो चांगला ठरत नाही. भार लावूनच बघावं लागतं. स्कूटरच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब जोडला तर तो सुमारे ०.४ ॲम्पिअर घेतो. पहिल्या क्षणी लुकलुकला तर हरकत नाही, पण त्यानंतर त्याने स्थिर जळलं पाहिजे आणि मीटर ११.४ च्या खाली जाता कामा नये. काकूंकडच्या ॲडॅप्टरवर बल्ब लुकलुकतच राहिला आणि मीटर सात-आठच्या आसपास घुटमळत होता.

बल्ब नसेल तर दुसरा ॲडॅप्टर लावून बघणं हाच सोपा मार्ग. अनेक घरांत सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टरही १२ व्होल्टचाच असतो आणि तो दहा मिनिटांसाठी उसना घेता येतो. तीन गोष्टी मात्र जुळल्याच पाहिजेत. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत : नऊ व्होल्टच्या राउटरला बाराचा ॲडॅप्टर लावणं म्हणजे वाचलेला राउटर आपल्या हाताने जाळणं. ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. आणि पिन सैल न बसता नीट बसली पाहिजे, शिवाय लेबलवरच्या गोलाच्या खुणेत अधिकचं चिन्ह मधल्या ठिपक्याशी जोडलेलं आहे ना, हे राउटर आणि ॲडॅप्टर दोन्हीवर पाहून घ्या. जुना ॲडॅप्टर उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी तो धोका पत्करू नये. जळका वास, फुगलेलं प्लॅस्टिक किंवा काळा डाग दिसला, तर मोजमाप न करताच तो टाकून द्या.

काकूंकडे सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर लावला आणि राउटर स्थिर झाला. वायफाय टिकलं, मोबाइल जोडला गेला. पण नेट आलं नाही. इथे दुसऱ्या टोकाची पाळी आली.

राउटरच्या मागे एक पोर्ट वेगळ्या रंगाचं असतं, बहुधा निळं, त्यावर WAN किंवा Internet लिहिलेलं असतं. गच्चीवरून आलेली केबल तिथे बसते. बाकीची पोर्टं LAN ची. केबल नीट, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवली आणि दुसऱ्या टोकाला स्विच चालू असेल, तर त्या पोर्टचा छोटा दिवा लागतो. काकूंकडे तो अंधारलेलाच होता. पोर्ट गेलं असेल, केबल गेली असेल किंवा वरचा स्विच गेला असेल. तिन्हीमध्ये दिवा बंदच राहतो, म्हणून नुसत्या बंद दिव्यावरून काही ठरवायचं नाही.

तिन्ही वेगळे करण्यासाठी लॅपटॉपही लागत नाही. गच्चीची केबल काढून बाजूला ठेवा. हातभर लांबीची चांगली लॅन केबल घ्या आणि तिचं एक टोक राउटरच्या पहिल्या LAN पोर्टमध्ये, दुसरं टोक त्याच राउटरच्या WAN पोर्टमध्ये घाला. आजच्या बहुतेक राउटरमध्ये दोन्ही पोर्टं एकमेकांना ओळखतात आणि दोन्हींचे दिवे लागतात. काकूंकडे दोन्ही बंद राहिले. मग तीच केबल पहिल्या आणि दुसऱ्या LAN पोर्टमध्ये घातली. दोन्ही दिवे लगेच लागले. (ही जोडणी चार-पाच सेकंदांतच काढायची, नाहीतर राउटर स्वतःशीच बोलत राहून गुदमरतो.) म्हणजे छोटी केबल चांगली, LAN पोर्टं चांगली आणि WAN पोर्ट जळलेलं. आता बाहेरची केबल उरली. तिचं टोक क्षणभर LAN पोर्टमध्ये घातलं, दिवा लागला. अर्थ असा की केबल आणि गच्चीवरचा स्विच दोन्ही जिवंत आहेत. ही चाचणीसुद्धा दोन-चार सेकंदांत आटपावी, कारण LAN मधून बाहेर जोडलेला तुमचा राउटर त्याच स्विचवरच्या शेजाऱ्यांच्या राउटरना पत्ते वाटू लागतो आणि त्यांचं नेट बिघडतं.

शेजारच्या, त्याच वेळी बंद पडलेल्या घरात हीच तपासणी केली तेव्हा निकाल अगदी उलट आला. तिथे WAN आणि LAN जोडल्यावर दोन्ही दिवे लागले, पण बाहेरची केबल कुठल्याच पोर्टला दिवा देईना. राउटर ठणठणीत होता. केबलवाल्याने गच्चीवर जाऊन ती केबल स्विचच्या दुसऱ्या रिकाम्या पोर्टमध्ये घातली आणि नेट आलं. एकच वीज, एकच जिना आणि दोन घरांत दोन निराळे बिघाड. दोघांनीही त्या रात्री नवा राउटर घेतला असता तर एकाचे पैसे वाया गेले असते.

फायबर थेट घरात येणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. तुमच्याकडे आधी एक डबी असते, ओएनटी, आणि तिच्यावर PON आणि LOS असे दिवे असतात. LOS तांबडा लुकलुकत असेल तर प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे फायबर तुटलं किंवा मुडपलं. ते वाऱ्याचं किंवा फांदीचं काम असतं, झटक्याचं नव्हे, कारण काचेच्या तंतूतून विजेचा दाब येत नाही. तिथे तुम्हाला घरी काही करता येत नाही, तक्रारच नोंदवावी. पण PON स्थिर हिरवा असून नेट नसेल, तर ओएनटीपासून राउटरपर्यंतच्या लॅन केबलची दोन्ही टोकं वर सांगितल्याप्रमाणे तपासा. फायबर असूनही ओएनटीचं लॅन पोर्ट जळू शकतं, कारण दाब ॲडॅप्टरमधून शिरून तांब्याच्या केबलवाटे राउटरकडे किंवा टीव्हीकडे जाऊ शकतो. म्हणूनच राउटरला केबलने जोडलेला टीव्ही किंवा संगणक असेल तर त्याचंही पोर्ट त्याच दिवशी बघून घ्या. महिनाभराने लक्षात आलं तर कारण कुणालाच आठवत नाही.

सगळ्यात त्रासदायक असतं ते अर्धं जळालेलं पोर्ट. दिवा लागतो, नेटही चालतं, पण व्हिडिओ अडकतो, मीटिंग तुटते. लोक महिनोन्‌महिने कंपनीला दोष देत राहतात. यासाठी मात्र केबलने जोडलेला लॅपटॉप लागतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे टाइप करा :

```
Get-NetAdapter
ping -n 100 -l 1400 192.168.1.1
```

पहिल्या ओळीने Ethernet समोर LinkSpeed दिसतो. वादळाआधी 1 Gbps असलेला आता 100 Mbps किंवा 10 Mbps वर आला असेल, तर पोर्टमधल्या चार जोड्यांपैकी एखादी गेली असण्याची शक्यता आहे, कारण एक गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि शंभरला दोनच पुरतात. तीच केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घातल्यावर पुन्हा 1 Gbps दिसला तर पहिलं पोर्ट दोषी. तिथेही 100 च राहिला तर केबलची क्लिप गंजलेली असू शकते, ती बदलून बघा. दुसरी ओळ लॅपटॉपपासून राउटरपर्यंत शंभर मोठे निरोप पाठवते. तुमच्या राउटरचा पत्ता `192.168.0.1` असाही असू शकतो, `ipconfig` दिल्यावर Default Gateway समोर तो दिसतो. केबलवर या शंभरात एकही हरवता कामा नये. तीन-चार हरवत असतील तर बिघाड घरातच आहे, बाहेर फोन करून उपयोग नाही. ही चाचणी वायफायवर करू नका, तिथे थोडं हरवणं नेहमीचंच असतं.

काकूंच्या राउटरचं WAN पोर्ट गेल्यावर दोन वाटा होत्या. काही राउटरमध्ये एखाद्या LAN पोर्टलाच WAN चं काम देण्याची सोय सेटिंगमध्ये असते. त्यांच्या राउटरमध्ये ती नव्हती, म्हणून नवा घ्यावा लागला. पण जुना फेकला नाही. नव्या ॲडॅप्टरवर त्याची LAN पोर्टं आणि वायफाय नीट चालत होती, तेव्हा मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून तो लावला. नवा राउटर जोडतानाही एक अडचण आली. दिवा लागला, युजर नेम-पासवर्ड बरोबर, तरी नेट नाही. अनेक स्थानिक केबलवाले कनेक्शन राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात. राउटर बदलला की त्यांना फोन करून नवा मॅक पत्ता द्यावा लागतो, किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये जुन्याचा पत्ता लिहावा लागतो. हे माहीत नसलं की नवा राउटरही खराब निघाला असं वाटतं आणि माणूस दुकानात भांडायला जातो.

पुढच्या वेळेसाठी काय करायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. ढग काळे झाले की ॲडॅप्टर सॉकेटमधून आणि गच्चीची केबल राउटरमधून, दोन्ही काढून ठेवा. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. ते फक्त फेजची तार तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि बटणाच्या आतली काही मिलिमीटरची फट मोठा झटका ओलांडू शकतो. मुख्य म्हणजे बटण बंद केलं तरी गच्चीवरून येणारी वाट उघडीच असते. राउटरसाठी छोटा यूपीएस लावला असेल तरी हेच. तो वीज गेल्यावर नेट चालू ठेवतो, लॅन केबलमधून आलेला दाब अडवत नाही. ‘स्पाइक गार्ड’ लिहिलेली एक्स्टेंशन बोर्ड घेण्याआधी घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकात तार पोहोचलेलीच नसते. अर्थिंगशिवाय त्या गार्डचं बरंचसं काम होत नाही. लॅनसाठी मिळणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरलाही हीच अट आहे.

कायमचा इलाज म्हणजे गच्चीपासून घरापर्यंतचा तांब्याचा शेवटचा तुकडा काढून तिथे फायबर घेणं. काकूंनी आणि शेजाऱ्यांनी मिळून केबलवाल्याकडे तीच मागणी केली आणि महिन्याभरात ते झालं. घरात येणाऱ्या फायबरच्या काळ्या केबलला आधारासाठी बहुधा एक पोलादी तार जोडलेली असते. जोडणी होताना समोर उभं राहा आणि ती तार गॅलरीबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच कापायला सांगा, काचेचा तंतू तेवढा आत येऊ द्या.